ऐकणारा चेहरा

माझ्याकडे संकलनासाठी आलेल्या हार्ड डिस्कमध्ये फक्त तीन शॉट होते. पहिला बावन्न मिनिटांचा, मावशीआजीचा चेहरा आणि खांदे. दुसरा सहा मिनिटांचा, लांबून घेतलेला, त्यात आजी डावीकडे खुर्चीवर आणि तिची नात उजवीकडे दिवाणावर, दोघी समोरासमोर. तिसरा अकरा मिनिटांचा, एकट्या नातीचा. नारायण पेठेतली पहिल्या मजल्यावरची बैठकीची खोली, एक खिडकी, एक कॅमेरा. शूट नातीच्या धाकट्या भावानं केलं होतं, आणि त्यानं मला पाठवलेल्या निरोपात एवढंच होतं: "ताई, आजी पानशेतच्या पुराबद्दल छान बोललीये. बारा-तेरा मिनिटांचं कर ना."

आजी खरोखरच छान बोलली होती. १२ जुलै १९६१ ची सकाळ तिच्या तोंडून ऐकताना मी कितीतरी वेळ कापायचं सोडून नुसती ऐकत बसले. पण बावन्न मिनिटांतून तेरा मिनिटं काढायची म्हणजे तिची वाक्यं मधून मधून वगळायची, आणि एकाच कोनातून घेतलेल्या चेहऱ्यात मधलं वाक्य वगळलं की मान टुणकन उडी मारते. त्या उडीवर पांघरूण घालायला ऐकणारीचा चेहरा लागतो. म्हणून मी तिसरा शॉट उघडला, आणि पहिल्या दहा सेकंदांत कळलं की लुक चुकलाय.

लुक म्हणजे माणूस चौकटीत कुणीकडे बघतो ते. आयलाइन हा शब्दही वापरतात, पण आमच्याकडे सेटवर 'लुक' म्हटलं की पुरतं. आजी पहिल्या शॉटमध्ये चौकटीच्या उजवीकडे बघते. तिच्याशी बोलणारी नात डावीकडे बघायला हवी, म्हणजे दोघींच्या नजरा पडद्यावर एकमेकींना भेटतात. इथे नातही उजवीकडेच बघत होती. दोन शॉट एकापाठोपाठ लावले की दोघी शेजारी बसून तिसऱ्याच कुणाकडे बघतायत असं वाटायचं. कारण सरळ होतं. दोन बोलणाऱ्यांच्या डोळ्यांमधून एक दोरी ताणली आहे अशी कल्पना केली, तर कॅमेऱ्यानं पूर्ण वेळ त्या दोरीच्या एकाच अंगाला राहायचं असतं. नातीचा शॉट घेताना खोलीत स्टँड मावत नव्हता म्हणून भावानं तो आजीच्या खुर्चीला वळसा घालून पलीकडे नेला होता. दोरी ओलांडली गेली.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे शॉट फ्लिप करणं, आरशात दिसतो तसा उलटा करणं. उलटा केला की उजवीकडची नजर डावीकडे येते. पण दोघींपैकी उलटं कुणाला करायचं? आजीला करून चाललं नसतं. तिचा पदर डाव्या खांद्यावर आहे, चमकी डाव्या नाकपुडीत आहे. उलटं केल्यावर पदर उजव्या खांद्यावर गेला की बघणाऱ्या बायकांना काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी काहीतरी चुकलंय हे पहिल्याच क्षणी जाणवतं. पुरुषाच्या शर्टाचंही तसंच, खिसा आणि बटणपट्टी लगेच चहाडी करतात. नात कुर्त्यात होती, कुर्ता गोल गळ्याचा, ओढणी नव्हती. तिच्या मनगटावरचं घड्याळ चौकटीच्या खाली राहिलं होतं. भांग मधोमध. अडचण एकच, तिच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावरचे आकडे उलटे झाले असते. शूट फोर-केमध्ये होतं आणि मला फिल्म एचडीत द्यायची होती, म्हणजे चित्राची रुंदी हवी त्याच्या दुप्पट. मी चौकट थोडी आत ओढली, कॅलेंडर बाहेर गेलं.

इथे एक गोष्ट जुळून आली, ती योगायोगानं जुळली नव्हती. खिडकी नातीच्या पाठीमागे आहे. आजीच्या शॉटमध्ये उजेड उजवीकडून येतो. नातीच्या मूळ शॉटमध्ये तो डावीकडून, केसांच्या कडेला लागत होता. शॉट उलटा केल्यावर तो उजवीकडे आला, म्हणजे आजीच्या शॉटशी बरोबर जुळला. कॅमेरा दोरी ओलांडून गेला असेल आणि माणसं जागच्या जागी असतील, तर फ्लिप केल्यानं नजर आणि उजेड दोन्ही एकदमच सुधारतात. उलट कॅमेरा योग्य अंगाला असून माणूसच चुकीच्या बाजूला बघत असेल, तर फ्लिपनं नजर सुधारते आणि उजेड बिघडतो. म्हणून फ्लिप करण्याआधी मी नेहमी नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीये ते बघते.

डावं-उजवं सुटलं, पण उंची राहिली होती.

तिसऱ्या शॉटची अकरा मिनिटं सलग नव्हती. पहिली चार मिनिटं आजी समोर बसली होती, बोलत होती. मग तिला थकवा आला, ती आत जाऊन पडली, आणि उरलेली सात मिनिटं भाऊ कॅमेऱ्याजवळ उभा राहून बहिणीला सांगत होता: "आता जरा गंभीर हो. आता मान हलव. आता हस." त्या सात मिनिटांत नात उभ्या माणसाकडे बघते. दोन मीटरवर बसलेल्या आजीचे डोळे तिच्या डोळ्यांपेक्षा जेमतेम वीतभर वर असतील, कारण दिवाण खुर्चीपेक्षा बुटका आहे. उभ्या भावाचे डोळे हातभराहून जास्त वर. पडद्यावर हा फरक केवढा दिसतो हे पाहिल्याशिवाय पटत नाही. आजीशेजारी तो चेहरा लावला की नात आजीच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघतेय असं वाटतं.

हे नुसत्या अंदाजानं ठरवायचं नसतं. मी दोन शॉट टाइमलाइनवर एकावर एक ठेवते आणि वरच्याची पारदर्शकता निम्मी करते. दोन चेहरे एकमेकांत मिसळलेले दिसतात. डोळे साधारण एकाच आडव्या रेषेवर आहेत का, एक चेहरा दुसऱ्यापेक्षा फार मोठा नाही ना, आणि बुबुळं डोळ्यांच्या कुठल्या कोपऱ्यात आहेत, हे तिथे एका दृष्टीत कळतं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. आजी लेन्सच्या अगदी जवळ बघत होती, तिचे दोन्ही डोळे पूर्ण दिसतात. नात लेन्सपासून बरीच लांब बघत असती, तर तिचा अर्धाच चेहरा दिसला असता आणि एक जण आपल्याशी बोलतेय, दुसरी खिडकीतून बाहेर बघतेय असं झालं असतं. डोळ्यांची रेषा चौकट वरखाली सरकवून जुळवता येते. चेहऱ्याचा आकार आत-बाहेर ओढून जुळवता येतो. नजर कितीही वर गेली असली तरी ती खाली आणता येत नाही. ती सात मिनिटं मी बाजूला ठेवली.

उरली चार मिनिटं. त्यातून नात स्वतः बोलतेय, पाणी पितेय, भावाकडे बघतेय ते वगळलं. खरोखर ऐकतेय असे पाच तुकडे निघाले, मिळून सत्तर सेकंद. कागदावर आजीचं बोलणं लावून झालं होतं, त्यात पांघरूण घालायच्या जागा होत्या नऊ.

मी ज्या सरांकडे उमेदवारी केली, ते लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात. त्यांची सगळी सुरुवात स्टीनबेक या फिल्म कापायच्या टेबलावर, हातात खरी फिल्म धरून. तिथे एक शॉट दोन ठिकाणी वापरायचा तर त्याची दुसरी प्रिंट काढून आणावी लागायची. त्यामुळे तुकडा उचलण्याआधी ते विचारायचे, "ह्याच्यात लक्षात राहण्यासारखं काय आहे?" मला वाटायचं, ते चांगला तुकडा शोधतायत. पुष्कळ दिवसांनी समजलं की ते उलट शोधत होते. पुन्हा वापरायचा तर ज्यात लक्षात राहण्यासारखं काहीच नाही तोच तुकडा लागतो. नात कानामागे बट सारते तो तुकडा फार गोड आहे, पण तो एकदाच. दुसऱ्यांदा बट सारली की बघणारा ओळखतो. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं तोही एकदाच. पण ती नुसती बघतेय, एकदा पापणी मिटते, हनुवटी किंचित खाली येते, असा चौदा सेकंदांचा तुकडा होता. त्याचे मी चार भाग केले आणि चार वेगळ्या ठिकाणी वापरले, प्रत्येक दोन वापरांमध्ये किमान दोन मिनिटं जातील असे. एकदा चौकट थोडी जवळ ओढून, एकदा वेग शंभरावरून नव्वद टक्क्यांवर आणून. नव्वदच्या फार खाली गेलं की पापणी जड होते आणि नात गुंगीत असल्यासारखी दिसते. बाकीच्या चार तुकड्यांनी चार जागा भागवल्या. नववी जागा दुसऱ्या, लांबच्या शॉटनं भागवली. त्यात चौकट आत ओढली की नात एका बाजूनं दिसते आणि चित्र थोडं मऊ पडतं, पण तिथे ती त्या क्षणी तेच ऐकत होती, आणि ते दिसतं.

रशियातल्या कुलेशोव्हचा जुना प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. नटाचा तोच भावहीन चेहरा, आधी सूपची वाटी, मग शवपेटी, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. माझ्या चौदा सेकंदांनी तेच काम केलं. आजी म्हणते, "पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं," आणि नातीचा तो चेहरा घाबरलेला दिसतो. ती म्हणते, "शिवणाचं मशीन तेवढं मी सोडलं नाही," आणि त्याच चेहऱ्यात कौतुक दिसतं.

आता जोड कसा बसवला ते एका जागेवर सांगते. आजीचं मूळ बोलणं असं होतं: "आम्ही सगळे माडीवर गेलो." त्यानंतर पन्नास सेकंद माडीवर कुठल्या खोलीत कोण राहायचं याची माहिती, त्यातली निम्मी नावं ती नंतर पुन्हा घेत नाही. मग: "आणि बघता बघता पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं." मधली पन्नास सेकंदं काढायची. नवशिके काय करतात, तर 'गेलो'वर आवाज तोडतात, तिथेच चित्रही तोडून नातीवर जातात, आणि 'आणि'वर दोन्ही परत आणतात. असं केलं की जोडाच्या जागी बोट ठेवल्यासारखं होतं. मी 'सगळे' या शब्दावरच नातीवर गेले. आजीचा आवाज चालू आहे, दिसतेय नात. 'माडीवर गेलो' तिच्या चेहऱ्यावर पडतं, तिथे मोकळ्या खोलीचा आवाज अर्धा सेकंद ठेवला, मग 'आणि बघता बघता पाणी' हेही नातीवरच, आणि 'जिन्याच्या' म्हणताना आजीकडे परत. चित्राचे दोन कट आहेत आणि आवाजाचा जोड त्यांच्या मधोमध लपलाय. तोडताना आजीचा हात मांडीवर होता, परत येताना तो हवेत, पायरी दाखवतोय. मधे तीन सेकंद गेल्यामुळे हात उचलायला तिला वेळ मिळाला असं डोळ्यांना वाटतं. एका सेकंदात परत आले असते तर हात उडाला असता.

मोकळ्या खोलीचा आवाज म्हणजे रूम टोन. तो मुद्दाम कुणी घेतला नव्हता. आजी बोलायच्या आधी सगळे गप्प बसले होते ते सव्वीस सेकंद मला मिळाले. पंखा बंद, लांबवर कुठेतरी कुकरची शिट्टी. शिट्टी कापून उरलेल्या वीस सेकंदांवर सगळी फिल्म सांधली आहे.

मराठी बोलणं कापताना एक वेगळी काळजी घ्यावी लागते. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि माणूस थांबणार असेल तर त्या क्रियापदावर आवाज खाली उतरतो. 'गेलो' उतरत्या स्वरात असेल तर वाक्य मिटलं, त्यापुढे काहीही लावता येतं. पण आजी पुष्कळदा 'गेलो आणि मग' असं चढत्या स्वरात टांगून ठेवते, आणि त्या 'मग'पुढे दुसऱ्या ठिकाणचं वाक्य आणून लावलं तर कानाला पायरी चुकल्यासारखं होतं, मग चित्रात नात कितीही सुंदर ऐकत असो. असे दोन जोड मला सोडून द्यावे लागले. त्या ठिकाणी आजीचं बोलणं पूर्ण ठेवलं, फिल्म चाळीस सेकंदांनी लांबली.

आणि मान हलवणं. ऐकणारा माणूस शब्दाच्या मधे मान हलवत नाही, अर्थ पोचल्यावर हलवतो. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम. क्रियापद संपल्यावर साधारण सहा-सात फ्रेमनी हनुवटी खाली यायला लागली की ती खरी वाटते. क्रियापदाच्या आधीच आली तर नातीला पुढचं ठाऊक होतं असं दिसतं, आणि वीसेक फ्रेम उशिरा आली तर तिचं लक्ष नव्हतं असं. आवाज जागच्या जागी ठेवून नुसतं चित्र दोन-दोन फ्रेम मागेपुढे सरकवत मी अर्धा-अर्धा तास बसले आहे. हे काम मला फार आवडतं. एखाद्या फ्रेमवर एकदम वाटतं, हां, आत्ता हिनं ऐकलं.

एक जागा मात्र मी चुकीची भरली होती.

शेजारच्या खोलीत राहणारे एक म्हातारे गृहस्थ माडीवर यायला निघाले आणि देवघरातलं काहीतरी राहिलं म्हणून परत आत गेले. आजीनं वरून हाक मारली. एवढं सांगून ती थांबते. मूळ शॉटमध्ये ती जवळजवळ अकरा सेकंद गप्प आहे, मग नाक ओढते आणि मशीनचा विषय काढते. अकरा सेकंद मला लांब वाटले. पाच तुकड्यांतल्या एकात नातीचे डोळे भरलेले होते, तो मी तिथे लावला. लुक बरोबर, उंची बरोबर, उजेड बरोबर, पापणी मिटते तीही आजीच्या शब्दानंतर बरोबर सातव्या फ्रेमला. मी दहा वेळा बघितलं, मला कुठेच खटकलं नाही.

नात बघायला आली तेव्हा तिथे तिनं मला थांबवलं.

"ताई, मी तेव्हा रडले नव्हते."

मी म्हटलं, कापताना असं हलवावं लागतं.

"ते माहितीये. पण हे मी आजोबांच्या वेळचं ऐकत होते तेव्हाचं आहे. त्या म्हाताऱ्यांचं मी लहानपणापासून ऐकतेय. ते आलं की आजी थांबते आणि आम्ही कुणी तिच्याकडे बघत नाही. मी खाली बघत होते."

मी लांबचा शॉट पुन्हा काढला. त्या सहा मिनिटांत हा प्रसंग नव्हता, त्यामुळे पुरावा म्हणून दाखवायला काही नव्हतं. पण आजीच्या बावन्न मिनिटांतच तो होता, मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं एवढंच. त्या गप्प सेकंदांत आजीची नजर आधी नातीवर असते, उजवीकडे, लेन्सच्या जवळ. मग ती खाली उतरते, दिवाणाच्या पायाशी कुठेतरी. समोरच्यानं डोळे काढून घेतले की आपले डोळे जसे उतरतात तसे. मी लावलेली नात त्याच वेळी तिच्याकडे डोळे भरून टक लावून बघत होती. म्हणजे लुक जुळतच नव्हता. मी तो आजी बोलत असतानाच्या नजरेशी जुळवला होता, आणि आजी बोलायची थांबली तशी तिची नजर हलली होती.

डोळे भरलेला तुकडा तिथून काढला आणि आजोबांच्या गोष्टीत, त्याच्या मूळ जागी ठेवला. तिथे जोड नव्हता, पांघरुणाची गरज नव्हती, तरी ठेवला. म्हाताऱ्यांच्या जागी नातीचा कुठलाच चेहरा नाही. मागचा जोड मी एक वाक्य आधी संपवला, म्हणजे हाक मारल्याचं सांगण्यापूर्वीच आपण आजीवर परत आलेलो असतो, आणि मग अकरा सेकंद तिच्यावरच राहतो. नजर नातीवर, नजर खाली, नाक ओढणं, मशीन. त्यात सातव्या सेकंदाला बोळातून एक दुचाकी जाते. तिचा आवाज खाली रूम टोन भरून पुसता आला असता. तो तसाच ठेवलाय.